गाडी भरली असती तरी तोटाच होता

प्रश्न : मी बेळगावातून वर्षभर छोट्या सहली काढते. बादामी-पट्टदकल-ऐहोळे, दोन दिवस, एक मुक्काम. १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर १४,४००, ड्रायव्हरचा बाटा १,०००, टोल-पार्किंग ६०० आणि बेळगावातून सोबत येणारा मराठी गाईड ५,०००. हे २१,००० मी १७ ने भागले. माणशी १,२३५ आले. त्यात खोली, जेवण, तिकिटांचे १,४५० मिळवले आणि वर थोडे ठेवून २,८०० दर लावला. आले ११ जण. हिशेब केला तर दहा हजारांच्या वर माझ्या खिशातून गेले होते. माझ्या सहलींना ९ ते १४ माणसं येतात, बहुतेक वेळा ११. गाडी कधीच पूर्ण भरत नाही. दर वाढवला तर आहेत ती माणसंही तुटतील. माणसं कशी वाढवू, की लहान गाडी करू?
— एक सहल संयोजिका, शहापूर, बेळगाव

ताई, माणसं कशी वाढवायची हा प्रश्न जरा बाजूला ठेवूया. २,८०० च्या दरात तुमची गाडी गच्च भरली असती तरी पैसे तुमच्याच खिशातून गेले असते. तुमच्या आकड्यांवरच हे मांडून पाहू.

१७ सीटर गाडीत विकायला १७ जागा नसतात. एक तुमची, एक गाईडची. राहिल्या १५. गाईड आणि तुम्ही हवेवर जगत नाही, तेव्हा गाडीभाड्याच्या रांगेत आणखी खर्च उभा राहतो. ड्रायव्हर आणि गाईड यांची मिळून एक खोली, तुमची एक खोली, प्रत्येकी १,४०० प्रमाणे २,८००. तुमचं आणि गाईडचं दोन दिवसांचं जेवण १,२००. ड्रायव्हर बाट्यात भागवतो. म्हणजे माणसं दोन आली काय आणि पंधरा आली काय, जो खर्च हलत नाही तो २१,००० नसून २५,००० आहे.

आता माणशी शिल्लक बघा. २,८०० मधून त्या माणसावरच खर्च होणारे १,४५० वजा केले की उरतात १,३५०. गाडी, गाईड आणि बाकी सगळं या १,३५० मधूनच भागवायचं आहे. पंधरा जण आले तर २०,२५० जमतात, २५,००० ला ४,७५० कमी पडतात. अकरा जणांत १४,८५० जमतात आणि १०,१५० कमी पडतात. तुमचा तोटा तो हाच. या दराने बरोबरी साधायला १९ माणसं लागली असती, आणि तेवढी माणसं या गाडीत बसतच नाहीत. तेव्हा जाहिरात अजून केली असती तर, आणखी दोन-चार जणी आल्या असत्या तर, हे मनातून काढून टाका.

पुढचा हिशेब या माणशी शिलकेवरच करायचा आहे. दर किती, यापेक्षा दरातून माणसाचा स्वतःचा खर्च वजा जाता किती उरतं, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता भागायचं कितीने? गाडीच्या जागांनी भागणं म्हणजे प्रत्येक वेळी गाडी भरणार असं गृहीत धरणं, आणि ती कधीच भरत नाही हे तुम्हीच लिहिलंय. मागच्या सहलींत जो आकडा वारंवार आला त्याने भागा. तुमच्या बाबतीत तो ११ आहे. ज्यांच्याकडे अजून असा अनुभव नाही, त्यांनी विकता येणाऱ्या जागांचे सत्तर टक्के धरावेत. इथे तेही ११ च्या आसपासच येतं. शेवटच्या बाकावरची मधली जागा तशीही कुणाला नको असते.

भागण्याआधी एक रक्कम अजून मिळवायची आहे : तुमचा मेहनताना. दोन दिवस सहलीत जातात, त्याआधी आठवडाभर फोन, खोल्या, याद्या चालतात. "वर थोडे ठेवून" असं तुम्ही लिहिलंत. तो वरचा थोडा भाग सगळ्यात आधी गळून पडतो, कारण तो कशालाच बांधलेला नसतो. म्हणून ३,००० रुपये न हलणाऱ्या खर्चातच टाका. एकूण झाले २८,०००. त्याला ११ ने भागलं तर २,५४५ येतात, त्यात १,४५० मिळवले की ३,९९५. म्हणजे दर ४,०००.

२,८०० वरून ४,००० म्हटलं की पोटात गोळा येणं साहजिक आहे. तुम्ही लहान गाडीचा विचार केलात तोही याच भीतीने केला असणार. म्हणून आधी ते तपासू. समजा १७ सीटरला किलोमीटरला २४ रुपये आणि १२ सीटरला २० रुपये पडतात. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान ३०० किलोमीटर लावण्याची पद्धत आहे, म्हणून दोन दिवसांचे ६०० धरले जातात. फरक पडला अवघा २,४००. आणि १२ सीटरमध्ये तुम्ही दोघे वजा जाता विकायला उरतात दहाच जागा. १४ जण आले की चौघांना नाही म्हणावं लागेल, आणि फायदा होतो तो नेमका त्या चौघांमुळे. १० च्या वर माणसं जमणारच नाहीत अशी खात्री असेल तेव्हाच लहान गाडी परवडते. तुमच्यासाठी १७ सीटरच बरी.

किमान किलोमीटरची अट मात्र तुमच्या बाजूने वळवता येते. बेळगाव-बादामी जाऊन-येऊन सुमारे ३०० किलोमीटर होतात. बनशंकरी, पट्टदकल, ऐहोळे फिरलात तरी सव्वाचारशेच्या आत राहता. पैसे तर ६०० चे भरलेत. त्या उरलेल्या अंतरात महाकूट, कूडलसंगम किंवा परतीला सौंदत्ती बसवा. भाडं एका पैशाने वाढत नाही आणि दर वाढल्याचं उत्तर कार्यक्रमपत्रिकेतच मिळतं. फक्त मालकाला आधी विचारा की किलोमीटर त्याच्या गॅरेजपासून मोजणार की तुमच्या गल्लीपासून, आणि दिवस मध्यरात्री संपतो की सुटल्यापासून २४ तासांनी. रात्री बाराच्या पुढे परतलात म्हणून तिसऱ्या दिवसाचं भाडं मागितलं जाणं, हा या धंद्यातला नेहमीचा तंटा आहे.

गाईड काढून टाकावा का? बादामीत स्थानिक गाईड घेतलात आणि समजा दिवसाला १,५०० दिले, तर फीचे २,००० आणि जेवणाचे ६०० वाचतात, वर एक जागा मोकळी होते. ११ जणांत हा फरक माणशी २३६ रुपयांचा पडतो. माझं मत विचाराल तर एवढ्यासाठी मराठी गाईड सोडू नये. तिसऱ्या लेण्यातला ५७८ सालचा मंगलेशाचा लेख, ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरची ६३४ सालची रविकीर्तीची प्रशस्ती आणि तिच्यातला तीन महाराष्ट्रकांच्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख, हे आपल्या भाषेत उलगडून सांगणारा माणूस सोबत असतो म्हणून लोक तुमच्याबरोबर येतात. नाहीतर चौघं मिळून कार करून जाणं कुणालाही जमतं.

तेव्हा दर वाढवण्याला पर्याय नाही. तो कसा सांगायचा यात मात्र कौशल्य आहे. पुष्कळ संयोजक आधी कमी दर सांगतात आणि माणसं कमी जमली की "माणशी तीनशे जास्त लागतील" असा निरोप टाकतात. असं कधी करू नका. निघायच्या तोंडावर वाढीव पैसे मागितले की रक्कम लहान असली तरी विश्वास जातो. उलट करा : चढा दर आधी सांगा आणि माणसं वाढली तर थोडे परत द्या. दर ४,२०० जाहीर करा आणि १३ जण पूर्ण झाले तर प्रत्येकाला काही रक्कम परत देऊ असं लिहा. मग आलेल्या बायकाच आपल्या मैत्रिणींना ओढून आणतात.

ही परतीची रक्कम ठरवताना एक खड्डा आहे. समजा तुम्ही ३०० परत द्यायचं कबूल केलंत. बारा जण असताना माणशी शिल्लक २,७५०, एकूण ३३,०००; २८,००० गेले की ५,००० राहतात. तेरावी बाई आली की सगळ्यांचा दर ३,९०० होतो, शिल्लक २,४५०, तेरा जणांचे ३१,८५० आणि हाती ३,८५०. म्हणजे एक माणूस वाढला आणि तुमचे १,१५० रुपये कमी झाले! असं ठरवलं की संयोजकाला बाराव्या माणसानंतर नोंदणी बंद करावीशी वाटू लागते. हे टाळायला साधा नियम असा : नव्या माणसामुळे येणारी शिल्लक सगळ्यांत वाटून जेवढी येते, त्यापेक्षा परतीची रक्कम कमी ठेवा. २,७५० भागिले १३ म्हणजे २११. तेव्हा २०० परत द्या. मग तेरा जणांत ३३,१५० जमतात आणि हाती ५,१५० राहतात. चौदाव्या, पंधराव्या माणसाचे प्रत्येकी २,५५० पूर्ण तुमचे.

आता कमी माणसं आली तर काय होतं ते बघू. ४,२०० च्या दरात दहा जण असतील तर २७,५०० जमतात. सगळा खर्च निघून तुमच्या मेहनतान्यातले पाचशेच कमी पडतात. नऊ असतील तर २४,७५०, म्हणजे मेहनताना नाहीच, वर अडीचशे घरचे. तेव्हा जाहिरातीत "किमान १० जण" लिहायला हरकत नाही. पण मनातली हद्द त्याहून वेगळी असते आणि ती गाडीच्या अ‍ॅडव्हान्सवर ठरते. समजा मालकाला दिलेले ३,००० रद्द केल्यास परत मिळणार नाहीत. आठ जणांना घेऊन निघालात तर २२,००० जमतात, ३,००० चा तोटा. रद्द केलंत तरी ३,००० चाच तोटा. मग शब्द राखून निघालेलं बरं. सात जण असतील तर निघण्याचा तोटा ५,७५० आणि रद्द करण्याचा ३,०००, तेव्हा रद्दच करा. अ‍ॅडव्हान्स जेवढा मोठा आणि जेवढा लवकर दिलेला, तेवढे तुम्ही कमी माणसांतही निघायला बांधले जाता. म्हणून मालकाशी बोलून अ‍ॅडव्हान्स लहान ठेवा आणि रद्द करायची शेवटची तारीख लिहून घ्या. गाडी आणि गाईड यांचा खर्च त्या तारखेपर्यंत टाळता येतो. त्यानंतर तो खरा पक्का होतो.

हीच तारीख तुमच्या सहलीची निर्णयाची तारीख. ती निघण्याआधी साधारण बारा दिवस ठेवा आणि लोकांनाही तीच सांगा. नाव नोंदवताना १,५०० घ्या, बाकीचे २,७०० या तारखेपर्यंत. पैसे आले तरच माणूस धरायचा. "माझं नाव लिही गं, पैसे नंतर देते" म्हणणाऱ्यांना मोजलं की अकराचे आठ व्हायला वेळ लागत नाही. या तारखेआधी कुणी नाही म्हटलं तर पाचशे कापून बाकी परत. त्यानंतर नाही म्हटलं तर त्या माणसाचं जेवढं खरोखर वाचलं तेवढंच परत, म्हणजे जास्तीत जास्त १,४५०, आणि लॉजवाल्याने खोली सोडली नाही तर त्याहूनही कमी. वाईट वाटेल, पण त्या रिकाम्या जागेचं भाडं उरलेल्यांनी का भरावं? बदली माणूस आणला तर पूर्ण रक्कम त्याच्या नावावर करून द्या. त्यात तुमचं काहीच जात नाही.

शेवटच्या दोन दिवसांत जागा रिकामी असेल तर कमी दरात द्यावी का? नुसता हिशेब म्हणतो द्या, कारण १,४५० च्या वर मिळेल ते हातीच लागतं. पण अनगोळच्या भिशीत एकीला तीन हजारांत जागा दिलीत तर टिळकवाडीपर्यंत बातमी जायला संध्याकाळ पुरते. पुढच्या सहलीला सगळ्याच शेवटच्या दिवसाची वाट बघत बसतील आणि तुमची निर्णयाची तारीख निकामी होईल. जागा रिकामी गेली तर जाऊ द्या.

मुलांच्या दराचं तुम्ही विचारलेलं नाही, पण बहुतेक गळती तिथेच असते म्हणून सांगते. मूल म्हणजे अर्धा दर, ही एसटीची सवय. एसटीला परवडतं, तुमच्या गाडीत मूल पूर्ण जागा अडवतं आणि गाडीभाड्यातला त्याचा वाटा पूर्णच असतो. कमी काय होतं? आईवडिलांच्या खोलीत झोपलं तर खोलीचे ७००. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी १५ वर्षांखाली तिकीट नाही, म्हणून १००. जेवणाचे ३००. एकूण ११००. म्हणजे मुलाचा दर ३,१००. अर्ध्या दरात, २,१०० मध्ये घेतलंत तर प्रत्येक मुलामागे हजार रुपये तुमचे. अगदी मांडीवरचं, जागा न अडवणारं मूल असेल तर चारशे-पाचशेंत न्या. एकटीला वेगळी खोली हवी असेल तर ७०० जास्त, आणि हे नोंदणीच्या वेळीच सांगायचं.

हे सगळे आकडे साध्या दिवसांचे आहेत. पौषात बनशंकरीची जत्रा असते तेव्हा खोल्या मिळत नाहीत किंवा दुपटीने मिळतात. १,४०० ची खोली २,८०० झाली की माणशी खर्च ७०० ने वाढून २,१५० होतो, आणि गाईड-ड्रायव्हर व तुमच्या दोन खोल्यांमुळे न हलणारा खर्चही २,८०० ने वाढतो. दोन्हीकडून मार बसतो. ११ जणांवर तो दर साधारण ५,००० च्या जवळ जातो. जत्राच दाखवायची नसेल तर ती तारीख टाळा.

याच पद्धतीने पन्हाळा-कोल्हापूर किंवा गोव्याची सहल मांडाल तेव्हा हिशेबात आपल्या भागाची एक खास ओळ वाढते. इथून दोन्ही सीमा जवळ, त्यामुळे एका दिवसाची सहलही दुसऱ्या राज्यात जाते. गाडीला ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का ते विचारा. नसेल तर स्पेशल परमिट आणि दुसऱ्या राज्याचा कर कोण भरणार हे भाडं ठरवतानाच लिहून घ्या. हा खर्च गाडीमागे असतो, माणसामागे नाही, म्हणून तो २५,००० च्या बाजूला जाऊन बसतो. चंदगडकडची गाडी स्वस्त पडते म्हणून घ्याल तर तिलाही इकडे येताना हाच प्रश्न. आणि पांढऱ्या पाटीची ओळखीतली गाडी भाड्याने नेऊ नका. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो.

राहिला जुन्या माणसांचा प्रश्न. त्या विचारणारच, मागच्या वेळी तर २,८०० होते. लांबलचक कारणं देऊ नका आणि तुमचा तोटाही सांगू नका. "मागचा दर गाडी भरेल असं धरून लावला होता, आता अकरा जणांत निघेल असा लावलाय, तेरा झाल्या तर दोनशे परत" एवढं पुरे. काही जणी गळतील. समजा नेहमीच्या अकरांपैकी एक गळली आणि दहाच उरल्या, तरी २,८०० च्या दरात अकरा जणींनी जो १०,१५० चा तोटा दिला होता, त्याच्या जागी दहा जणींत तुमच्या हाती २,५०० राहतात. ग्रुपवर टाकायचा मजकूर असा ठेवा :

बादामी-पट्टदकल-ऐहोळे, दोन दिवस, मराठी गाईडसह. माणशी ४,२००. जागा घेणाऱ्या मुलांना ३,१००. नोंदणीला १,५००, उरलेले निघण्याच्या बारा दिवस आधी. तोपर्यंत दहा जण झाले नाहीत तर सहल रद्द होऊ शकते. रद्द झाल्यास सगळे पैसे परत. तेरा किंवा जास्त झाल्यास प्रत्येकी २०० गाडीतच परत.

ते दोनशे खरंच गाडीतच, रोख, परतीच्या वाटेवर द्या. पुढच्या सहलीची नावं तिथेच लिहून होतात.